जुना डीव्हीडी प्लेयर आणि नवा टीव्ही: पिवळ्या पिनेऐवजी हिरवी, निळी, लाल

लग्नाच्या, मुंजीच्या, जुन्या नाटकांच्या डीव्हीडी कपाटात आहेत, प्लेयर अजून व्यवस्थित चालतो, आणि टीव्ही मात्र ४३ इंची नवा आला आहे. अशा घरांत बहुतेक वेळा प्लेयरसोबत आलेली लाल-पांढरी-पिवळी केबल तशीच नव्या टीव्हीला जोडली जाते. चित्र येतं, आवाज येतो, पण चेहरे पुसट दिसतात, लाल रंग कडेनं पसरतो आणि सगळे म्हणतात, ‘डीव्हीडीच जुनी झाली.’ प्रत्यक्षात डिस्कवर यापेक्षा बरंच चांगलं चित्र असतं. ते टीव्हीपर्यंत कसं पोचवायचं, ते इथे पायरीपायरीनं सांगतो.

आधी प्लेयरची मागची बाजू पाहा. तिथे एचडीएमआय असेल तर तीच केबल जोडा, तीच सर्वांत सोपी आणि चांगली. ते नसेल, पण पिवळ्या सॉकेटशेजारी हिरवं, निळं आणि लाल अशी तीन सॉकेटं असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. या तिघांवर Y, Pb, Pr किंवा Y, Cb, Cr असं छापलेलं असतं. यांनाच कंपोनंट आउटपुट म्हणतात. एकटी पिवळी पिन म्हणजे कंपोझिट.

पिवळ्या वायरीत नेमकं काय हरवतं

डीव्हीडीवर चित्र तीन भागांत साठवलेलं असतं: एक भाग उजेड-अंधाराचा, म्हणजे पूर्ण कृष्णधवल चित्र, आणि दोन भाग रंगाचे. पिवळ्या पिनेतून पाठवताना प्लेयर हे तिन्ही भाग एकाच वायरीत मिसळतो. आपल्याकडच्या पाल या चित्र पाठवण्याच्या पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर चढवून कृष्णधवल चित्रातच घातली जाते. पलीकडे टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. वरण-भात एकदा कालवला की वरण आणि भात पूर्ण वेगळे होत नाहीत, तसंच इथे होतं. कृष्णधवल चित्रातला बारीक तपशील त्याच लहरींच्या आसपास असला की टीव्ही त्याला रंग समजतो. म्हणून बारीक चौकड्यांच्या शर्टावर किंवा पैठणीच्या काठावर नसलेले इंद्रधनुषी पट्टे हलताना दिसतात. उलट बाजूनं, काही रंग तपशील म्हणून वाचला जातो आणि गडद रंगाच्या कडेवर बारीक ठिपके सरकत राहतात.

शिवाय रंगाला त्या एका वायरीत जागा कमी मिळते. त्यामुळे लाल शालूचा रंग शालूच्या कडेवर थांबत नाही, शेजारच्या भिंतीवर ओघळल्यासारखा दिसतो. जुन्या २१ इंची डब्यावर हे लक्षात येत नव्हतं. मोठ्या सपाट पडद्यावर चार पावलांवरून ते उघड दिसतं.

कंपोनंटमध्ये हे मिसळणं होतच नाही. हिरव्या वायरीतून उजेडाचं पूर्ण चित्र जातं, निळ्या आणि लाल वायरींतून रंगाचे दोन भाग वेगवेगळे जातात, म्हणजे डिस्कवर जशी वाटणी आहे तशीच. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हिरव्या वायरीत हिरवा रंग नसतो. त्यात कृष्णधवल चित्र असतं आणि चित्र जागेवर धरून ठेवणारा इशाराही त्यातच असतो. पुढे दोष ओळखताना याच माहितीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. पाल डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं, अमेरिकेत चालणाऱ्या एनटीएससी पद्धतीच्या डीव्हीडीवरचं ७२० बाय ४८० चं. केबल बदलल्यानं ते एचडी होत नाही. रंगांच्या कडा स्वच्छ होतात, पट्टे आणि ठिपके जातात, अक्षरं वाचायला सोपी होतात. आणि डिस्क डीव्हीडी नसून व्हीसीडी असेल तर तिच्यावर मुळातच चित्र ३५२ बाय २८८ एवढं लहान असतं. तिथे फारसा फरक पडणार नाही.

टीव्हीची मागची बाजू नीट वाचा

इथे बहुतेकांची गाडी अडते. आजच्या बऱ्याच टीव्हींना कंपोनंटसाठी वेगळी पाच सॉकेटं नसतात. पिवळ्याचं आणि हिरव्याचं सॉकेट एकच असतं, त्याच्याभोवती अर्धं हिरवं अर्धं पिवळं वर्तुळ असतं किंवा शेजारी Y/VIDEO असं लिहिलेलं असतं. म्हणजे पिवळं सॉकेट दिसलं नाही म्हणून ‘या टीव्हीला जुनी पिन लागतच नाही’ असं समजू नका, आणि हिरवं दिसलं म्हणून त्यात पिवळी पिन चालणार नाही असंही नाही. त्या सॉकेटमध्ये काय आलं आहे हे काही टीव्ही आपोआप ओळखतात, तर काहींना ते रिमोटवरच्या Source किंवा Input यादीतून सांगावं लागतं. यादीत AV आणि Component अशा दोन वेगळ्या ओळी दिसल्या तर तुमचा टीव्ही दुसऱ्या प्रकारचा आहे.

काही टीव्हींना मोठी सॉकेटंच नसतात, हेडफोनसारखं एक छोटं गोल भोक असतं आणि पेटीत एक आखूड जोड-केबल मिळते. ती हरवली असेल तर त्याच टीव्हीसाठीची मागवा. बाजारातल्या सारख्या दिसणाऱ्या जोड-केबलींत आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. क्रम चुकला की चित्राच्या जागी काळा पडदा येतो आणि स्पीकरमधून घरघर ऐकू येते. तशी घरघर आली तर आधी त्या जोड-केबलीवर संशय घ्या, टीव्हीवर नंतर. टीव्हीच्या पुस्तिकेत हे भोक फक्त AV साठी आहे की Component साठीही, तेही पाहून घ्या, कारण कित्येक नव्या टीव्हींना कंपोनंट मुळीच नसतं. त्यावरचा उपाय शेवटी सांगितला आहे.

केबल हलवण्याआधी प्लेयरची सेटिंग

क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ प्लेयर एका वेळी एकाच प्रकारे चित्र बाहेर पाठवतात. सेटिंग कंपोझिटवर असताना तुम्ही केबल हिरव्या-निळ्या-लालमध्ये घातली तर पडदा काळाच राहील, आणि पडदा काळा म्हणून मेनू दिसणार नाही, आणि मेनू दिसत नाही म्हणून सेटिंग बदलता येणार नाही. म्हणून आधी नेहमीची पिवळी पिनच जोडलेली राहू द्या.

ट्रेमधली डिस्क काढा. बऱ्याच प्लेयरमध्ये काही सेटिंग डिस्क आत असताना राखाडी दिसतात आणि निवडता येत नाहीत. मग रिमोटवर Setup दाबा आणि Video Output किंवा तत्सम ओळ शोधा. तिथे Component असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. स्वस्त प्लेयरांत त्याच गोष्टीला YUV म्हणतात, ते निवडा. RGB दिसलं तरी त्याला हात लावू नका; तो युरोपातल्या स्कार्ट सॉकेटसाठी आहे. P-Scan किंवा Progressive हेही सध्या बंदच ठेवा, त्याचं कारण पुढे येईल.

याच मेनूत आणखी दोन ओळी बघून घ्या, कारण त्या चुकलेल्या असतील तर उत्तम केबलही वाया जाते.

पहिली म्हणजे पडद्याचा आकार. TV Shape, TV Display किंवा Aspect असं काहीतरी नाव असतं. जुन्या डब्यामुळे ते वर्षानुवर्षं 4:3 LB वर राहिलेलं असतं. ते 16:9 करा. रुंद पडद्यासाठी बनवलेली डिस्क 4:3 LB वर चालवली की प्लेयर ५७६ रेषांचं चित्र दाबून ४३२ रेषांत बसवतो आणि वर-खाली काळे पट्टे भरतो. म्हणजे एक चतुर्थांश तपशील टीव्हीपर्यंत पोचण्याआधीच गेला. चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट दिसत असेल तर कारण बहुधा हेच असतं. माझ्या मते कुठलीही केबल विकत घेण्याआधी ही एक ओळ तपासावी.

दुसरी ओळ TV Type. तिथे PAL, NTSC आणि Auto किंवा Multi असे पर्याय असतात. Auto किंवा Multi ठेवा. आपल्याकडच्या स्टुडिओंनी बनवलेल्या लग्नाच्या डिस्क साधारणपणे पाल असतात, पण हिंदी चित्रपटांच्या कित्येक डीव्हीडी एनटीएससीमध्ये निघाल्या. एकच पद्धत पक्की करून ठेवली तर दुसऱ्या प्रकारची डिस्क प्लेयर स्वतः रूपांतरित करतो आणि कॅमेरा फिरताना चित्र झटके खातं. आजचा टीव्ही दोन्ही पद्धती सहज वाचतो, त्यामुळे प्लेयरला मध्ये पडू देऊ नका.

YUV निवडल्यावर पडदा एकदम काळा किंवा बिनरंगी झाला तर घाबरू नका. प्लेयरनं पिवळ्या पिनेतून चित्र पाठवणं थांबवलं, एवढाच त्याचा अर्थ.

पाच पिना आणि दोन लाल

आता दोन्ही उपकरणं बंद करा. कंपोनंटच्या तीन वायरींतून फक्त चित्र जातं, आवाज नाही. त्यामुळे लाल-पांढरी आवाजाची जोडी वेगळी लागते आणि एकूण पिना पाच होतात. त्यांत दोन लाल असतात: एक चित्राची, एक उजव्या आवाजाची. गोंधळ टाळायचा साधा मार्ग असा की आधी फक्त हिरवी, निळी आणि तिच्यासोबतची लाल दोन्ही टोकांना जोडा, चित्र बरोबर आलेलं पाहा, आणि मगच आवाजाची लाल-पांढरी जोडी लावा.

वेगळी पाच पिनांची केबल घरात नसेल तर प्रयोगापुरत्या दोन साध्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या केबली चालतात. पिन आतून सारखीच असते, रंग फक्त खुणेसाठी असतो. एका केबलीची पिवळी हिरव्या सॉकेटमध्ये, पांढरी निळ्यात, लाल लालमध्ये, आणि दोन्ही टोकांना अगदी हाच क्रम. दुसऱ्या केबलीतून आवाज. मीटर-दीड मीटर अंतरावर फरक दिसणार नाही.

पिना पूर्ण आत बसल्या आहेत ना पाहा. जुन्या प्लेयरच्या सॉकेटवर काळपट थर आलेला असतो. पिन आत घालून दोन-चार वेळा फिरवली की तो बराचसा जातो. मग दोन्ही चालू करा आणि टीव्हीच्या Source यादीत Component निवडा. पडद्याच्या कोपऱ्यात 576i किंवा 480i असं उमटलं तर जोडणी योग्य मार्गानं चालली आहे.

चित्र पाहून दोष ओळखा

मागे वाकून पुन्हा पुन्हा पिना तपासण्यापेक्षा पडदा काय सांगतो ते वाचा.

चित्र कृष्णधवल आहे आणि त्यावर बारीक ठिपक्यांची जाळी सरकताना दिसते? म्हणजे टीव्ही Component वर आहे, पण त्या सॉकेटमध्ये पिवळ्याचा, म्हणजे मिसळलेला सिग्नल येतो आहे. ते ठिपके म्हणजेच टीव्हीनं न ओळखलेला रंग. एकतर टीव्ही AV वर न्या किंवा वायरचं प्लेयरकडचं टोक पिवळ्यातून काढून Y मध्ये घाला.

चित्र कृष्णधवल, पण अगदी स्वच्छ, एकही ठिपका नाही? मग हिरवी वायर बरोबर आहे. एकतर टीव्ही AV वर राहिला आहे आणि निळ्या-लालकडे पाहतच नाही, किंवा त्या दोन्ही पिना बसलेल्या नाहीत.

चेहरे निळसर आणि कुंकू निळं, पण झाडांचा हिरवा जवळपास ठीक? निळी आणि लाल वायर एकमेकींच्या जागी गेल्या आहेत. हिरव्या रंगात रंगाचे दोन्ही भाग एकाच दिशेला कमी असतात, म्हणून अदलाबदलीनंतरही तो फारसा बिघडत नाही.

चेहरे पिवळट-हिरवट, लाल रंग कुठेच नाही, आणि उजव्या स्पीकरमधून कर्कश घरघर? दोन लाल पिनांची अदलाबदल झाली. टीव्हीचा आवाज लगेच कमी करा आणि पिना बदला.

आणि चित्रच नाही, आवाज मात्र चालू? हिरवी वायर तपासा. चित्र धरून ठेवणारा इशारा तिच्यातूनच जातो, त्यामुळे ती नसेल तर निळी आणि लाल कितीही पक्क्या बसल्या तरी उपयोग नाही. हिरवीही ठीक असेल तर प्लेयरची सेटिंग कंपोनंटवर गेलेलीच नाही.

एका घरातलं उदाहरण

ठाण्यातल्या एका ओळखीच्या घरी लग्नाची डीव्हीडी लावायची होती. प्लेयरला पिवळं आणि कंपोनंट दोन्ही, एचडीएमआय नाही. टीव्ही ४३ इंची, हिरवं-पिवळं एकत्र सॉकेटवाला. मुलानं वडिलांना सांगितलं, ‘बाबा, टीव्ही रंगच दाखवत नाही, दुकानात न्यावा लागेल.’ पडद्यावर चित्र कृष्णधवल आणि त्यावर ती सरकणारी जाळी. म्हणजे टीव्ही चांगला होता. पिवळी पिन एकत्र सॉकेटमध्ये होती आणि Source यादीत Component निवडलेलं होतं. AV निवडताच रंग आले, पण नवरीच्या लाल शालूची कड धूसर होती आणि भटजींच्या उपरण्याच्या बारीक काठावर रंगीत पट्टे नाचत होते. शिवाय चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट.

डिस्क काढून मेनूत आकार 4:3 LB वरून 16:9 केला, TV Type मध्ये PAL होतं ते Auto केलं, आणि शेवटी YUV निवडलं. त्याबरोबर पडद्यावरचे रंग गेले, ते अपेक्षितच होतं. मग घरातल्याच दोन जुन्या केबलींनी तिन्ही वायरी जोडल्या आणि पुन्हा Component निवडलं. कोपऱ्यात 576i आलं. पहिल्यांदा चेहरे निळसर दिसले. प्लेयरच्या बाजूला पांढरी आणि लाल उलट बसली होती, ती बदलली. शालूची कड स्पष्ट झाली, उपरण्यावरचे पट्टे गेले, आणि चित्र पडदाभर आलं. मांडवातल्या मागच्या रांगेतले चेहरे मात्र तेवढेच पुसट राहिले. ते मूळ चित्रीकरणातच पुसट होते आणि तिथे कुठलीच केबल काही करू शकत नाही.

प्रोग्रेसिव्ह चालू करावं का

पिवळ्या वायरीतून चित्र नेहमी अर्ध्या-अर्ध्या रेषांत येतं, आधी विषम, मग सम. 576i मधला i तेच सांगतो. कंपोनंटमधून प्लेयर हव्या तर सगळ्या रेषा एकदम पाठवू शकतो, तेव्हा टीव्हीवर 576p किंवा 480p दिसतं. दोन अर्धी चित्रं जोडायचं काम कुणी करायचं, एवढाच हा प्रश्न आहे, कारण सपाट टीव्हीला ते शेवटी जोडावंच लागतं.

आधी बंद ठेवून पाहा, मग चालू करून. चित्रपटाच्या डिस्कवर प्लेयरला मूळ फ्रेम पुन्हा उभी करण्यासाठी डिस्कवरच्या खुणांची मदत होते, त्यामुळे तिथे प्रोग्रेसिव्ह पुष्कळदा बरं दिसतं. लग्नाचं किंवा नाटकाचं व्हिडिओ कॅमेऱ्यानं केलेलं चित्रीकरण असेल तर स्वस्त प्लेयर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते आणतो; तिथे टीव्हीलाच काम करू द्या. पारखायला वरात किंवा नाचाचा प्रसंग घ्या, स्थिर फोटोसारखा प्रसंग नको.

प्रोग्रेसिव्ह चालू ठेवून प्लेयर पुन्हा पिवळ्या पिनेला जोडला तर चित्र येणार नाही किंवा घसरत राहील. तेव्हा रिमोटवर P-SCAN किंवा V-MODE असं बटण असेल तर डिस्क थांबवून ते दाबत जा, चित्र परत येतं. तसं बटण नसेल तर पुन्हा कंपोनंट जोडून मेनूतूनच बंद करावं लागेल.

टीव्हीला कंपोनंटच नसेल तर

कंपोनंटची तीन टोकं आणि दुसरीकडे एचडीएमआयची पिन, अशी नुसती वायर घेऊ नका. एकीकडे सलग लहरी आणि दुसरीकडे आकडे, त्यांचं रूपांतर नुसत्या तांब्यानं होत नाही. वेगळा वीजपुरवठा लागणारी छोटी डबी लागते. घेताना तिच्यावर हिरवं, निळं, लाल अशी चित्राची तीन सॉकेटं आणि आवाजाची वेगळी दोन आहेत ना ते मोजा. दुकानांत सर्वांत सहज मिळणाऱ्या डबीवर AV to HDMI लिहिलेलं असतं आणि तिला पिवळं, पांढरं, लाल अशी तीनच सॉकेटं असतात. ती पिवळ्या पिनेचंच मिसळलेलं चित्र घेते. तिच्यावर 1080p छापलेलं असलं तरी ती तेच धूसर चित्र फक्त ताणून मोठं करते, हरवलेला रंग परत आणत नाही. पाच सॉकेटांची डबी मिळाली तर प्लेयरच्या सगळ्या सेटिंग वर सांगितल्या तशाच ठेवा, प्रोग्रेसिव्ह बंद ठेवून सुरुवात करा, आणि टीव्हीवर Component ऐवजी ती डबी ज्या एचडीएमआयला लावली असेल ते निवडा.